ओढ्यावर लिहिताना: वाहत्या पाण्याला नेमका शब्द कसा शोधायचा

ओढ्यावर पहिल्यांदाच ललित लेख लिहायला बसलेल्या माणसाच्या हाताशी बहुधा तीन शब्द असतात. पाणी थोडं असलं की झुळझुळ, जास्त असलं की खळखळ आणि कड्यावरून पडलं की धबधबा. माझ्या पहिल्या लेखातही हेच तीन होते, आणि ते आलटूनपालटून वापरून मी दोन पानं भरली होती. मराठीत पाण्याच्या चालीला शब्द कमी नाहीत. पण त्या प्रत्येक शब्दाच्या पोटात एक कारण आहे: पाणी किती आहे, त्याच्याखाली काय आहे, ते कुठून सुटतं आणि कुठे जातं. हे कारण जागेवर पाहिलं नाही तर सगळे शब्द एकाच अर्थाचे वाटायला लागतात.

म्हणून इथे एकच ओढा घेऊ आणि उगमापासून खाली त्याच्यासोबत चालू. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो मुळशी धरणाच्या वरच्या अंगाचा, ताम्हिणी घाटाच्या बाजूचा एक बिननावाचा ओढा. सह्याद्रीतल्या कुठल्याही ओढ्यावर हेच करता येईल.

आधी वही, मग शब्द

पहिल्या फेरीसाठी सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरची सुरुवात चांगली. पाऊस सरत आलेला असतो, पाणी निवळलेलं असतं, आणि उगमाजवळच्या थेंबापासून खालच्या डोहापर्यंत पाण्याची जवळजवळ सगळी रूपं एकाच दिवसात दिसतात. आषाढात गेलात तर सगळीकडे एकच गर्जना, आणि मार्चमध्ये गेलात तर अर्धा ओढा कोरडा.

ओढ्याच्या पाच-सहा जागा ठरवा आणि प्रत्येक जागी चारच गोष्टी टिपा: धार किती जाड, उतार किती, तळाशी काय आणि आवाज कसा. विशेषणं लिहू नका. ‘सुंदर’, ‘मंजूळ’, ‘अवखळ’ हे शब्द जागा सांगत नाहीत, त्यामुळे घरी आल्यावर त्यांचा काही उपयोग होत नाही. धारेची जाडी शरीराच्या मापात लिहा. सुतळीएवढी, करंगळीएवढी, मनगटाएवढी, मांडीएवढी ही मापं आपल्याकडे पूर्वीपासून बोलण्यात आहेत आणि वाचणाऱ्याला ती लगेच दिसतात. आवाज टिपण्याआधी मिनिटभर डोळे मिटा. डोळे उघडे असले की समोर दिसणाऱ्या पाण्याचा आवाज आपण मनानेच लावतो. डोळे मिटले की कळतं, मोठा आवाज भलत्याच दगडापाशी होतो आहे.

ओढ्याला तिथली माणसं काय म्हणतात तेही विचारून घ्या. देशावर ओढा, रत्नागिरीकडे पऱ्या, सिंधुदुर्गात आणि गोव्यात व्हाळ, विदर्भात बहुतेक ठिकाणी नाला. मालवणच्या पाण्यावरचा लेख ‘ओढा’ म्हणून सुरू झाला तर तिथला वाचक पहिल्याच ओळीला थबकतो.

उगम: पाझरणं, झिरपणं आणि बाकीची मंडळी

नवख्या माणसाचा गोंधळ सर्वांत जास्त इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्टच्या थरांवर थर बसून झालेला आहे. काही थरांत भेगा आणि पोकळ्या भरपूर, तर काही थर घट्ट. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल, मातकट पट्टा दिसतो. पावसाचं पाणी वरच्या भेगाळ थरातून खाली जातं, घट्ट थर लागला की अडतं, आणि मग आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. म्हणजे एकाच पाण्याच्या दोन हालचाली झाल्या, आणि मराठीत त्यांना दोन क्रियापदं आहेत. आत जाणारं पाणी झिरपतं, बाहेर येणारं पाणी पाझरतं. जमिनीत पाणी झिरपतं, मडकं पाझरतं. बोलताना ही दोन्ही एकमेकांच्या जागी येतात, त्यात चूक काही नाही. पण लेखात हा फरक पाळलात तर एका वाक्यात डोंगराची आतली रचना सांगता येते: ‘माथ्यावर झिरपलेलं पाणी इथे, लाल पट्ट्याच्या वर, पाझरत होतं.’

पाझरलेल्या पाण्याला अजून धार नसते. खडक नुसता ओला दिसतो, हात लावला तर गार लागतो. पुढे खडकाला खालच्या बाजूला ओठ असेल तर पाणी तिथे थेंबाथेंबाने जमून ठिबकतं. ठिबकण्यात एक लय आहे: थेंब बारीक आणि मधलं अंतर जवळजवळ सारखं. टपकणाऱ्या पाण्याचा थेंब टपोरा असतो आणि तो पडल्याचं ऐकू येतं. खडकाला ओठ नसून नुसती तिरपी बाजू असेल तर पाणी ठिबकत नाही, ओघळतं. गालावरून आसू ओघळतात तसं, एका वाटेने, खडकाला चिकटून.

निथळणं याहून वेगळं. निथळते ती आधी भिजलेली वस्तू, आणि तिच्यातलं पाणी काही वेळाने संपतं. न्हाऊन आलेल्या बाईचे केस निथळतात, धुतलेले तांदूळ निथळत ठेवतात. म्हणून पाऊस थांबल्यावर कारवीची पानं निथळतात हे बरोबर, पण झरा निथळतो हे चूक, कारण झऱ्याचं पाणी मागून येतच असतं. ‘खडक निथळत होता’ असं लिहिलंत तर वाचकाला पाऊस नुकताच थांबल्याचं कळतं. उगमाच्या वर्णनात हा शब्द सहज घुसतो आणि अर्थ बिघडवतो.

मी उगमाशी बसतो तेव्हा एक साधी परीक्षा करतो. ओल्या जागेवर रुमाल दाबून ती पुसून काढायची आणि शंभर आकडे मोजायचे. तेवढ्यात ओल परत आली तर ते पाझरणं. नाही आली तर खडक कालच्या पावसाने भिजलेला होता.

सपाटी: संथ पाणी आणि तरंग

उगमाच्या खाली आमचा ओढा एका गवताळ सपाटीवरून जातो. इथे पाणी करंगळीचं मनगटाएवढं होतं आणि पसरतं. लोक इथे सरळ ‘संथ’ लिहून मोकळे होतात. पण पाणी खरंच संथ आहे का, हे गवताच्या एका काडीने कळतं.

काडी पाण्यात उभी धरा. काडीच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येतं त्या अंगाला, बारीक रेषा उमटून तिथेच थांबून राहिल्या, तर पाणी सेकंदाला सुमारे २३ सेंटीमीटरहून जास्त वेगाने चाललं आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरचा कुठलाही तरंग याहून हळू चालत नाही. त्यामुळे प्रवाह याहून मंद असेल तर काडीपाशी असे थांबलेले तरंग दिसतच नाहीत. २३ सेंटीमीटर म्हणजे साधारण एक वीत. सेकंदाला वीतभराहून कमी चालणाऱ्या पाण्याला संथ म्हणा. त्याच्या वर गेलं की ते ‘वाहतं’, ‘सरतं’, ‘ओढ घेतं’.

आता तरंगांचे शब्द. खडा टाकला की वर्तुळं पसरतात, ते तरंग. वाऱ्याने पाण्याच्या अंगावर बारीक आडव्या रेषा उठतात, त्यांना मी सुरकुत्या म्हणतो, कारण त्या गोल नसतात आणि एकाच बाजूला सरकतात. दगडाच्या मागे पाणी स्वतःभोवती फिरतं तो भोवरा, मग तो रुपयाएवढा का असेना. ‘लाट’ ओढ्याला मोठी होते. ती समुद्रासाठी आणि मोठ्या जलाशयासाठी राहू द्या.

‘लहर’ हा शब्द जपून वापरा. कवितेत पाण्याच्या लहरी चालतात, पण रोजच्या मराठीत लहर म्हणजे मनाची हुक्की. ‘ओढा लहरी होता’ असं लिहिलंत तर वाचकाला तो तऱ्हेवाईक वाटेल, तरंगांनी भरलेला वाटणार नाही.

हिंदकळणं आणि डुचमळणं ही भांड्यातल्या पाण्याची क्रियापदं. डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी हिंदकळतं, कारण त्याला चारी बाजूंनी काठ आहे आणि भांडं हलतं आहे. ओढ्याला दोनच काठ, आणि ते हलत नाहीत. त्यामुळे ओढा हिंदकळत नाही. ओढ्यावर भरलेली घागर मात्र घरी जाताना हिंदकळते, आणि लेखात माणूस आणायचा असेल तर ते दृश्य फार कामाचं आहे.

आवाज: झुळझुळ कुठे संपते, खळखळ कुठे सुरू होते

गुळगुळीत तळावरून सरळ वाहणारं पाणी जवळजवळ मुकं असतं. ओढ्याचा आवाज मुख्यतः येतो तो पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून. मार्सेल मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याचा हिशेब मांडला. बुडबुडा तयार होताना थरथरतो आणि त्याच्या आकाराप्रमाणे सूर देतो. बुडबुडा लहान तर सूर उंच. दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपनांचा सूर देतो. त्याच्या दहापट मोठा, म्हणजे दोन सेंटीमीटरचा, दहाव्या हिश्शाचा, सुमारे ३३० कंपनांचा.

आता आपले शब्द तोंडाने उच्चारून पाहा. झुळझुळ, खळखळ, धबधब. वाळूवरून आणि बारीक खड्यांवरून उथळ पाणी जातं, तिथे हवा कमी आणि बुडबुडे बारीक: ती झुळझुळ. मुठीएवढे, नारळाएवढे दगड आले की पाणी त्यांच्यावरून चढून मागे पडतं, पडताना हवा घेऊन जातं: ती खळखळ. उंचावरून भरपूर पाणी एकदम पडलं की मोठे बुडबुडे आणि जड, खालचा सूर: धबधब. म्हणजे शब्द निवडायला पाणी किती गोड वाटतं हे पाहायचं नाही, तळाशी किती मोठे दगड आहेत ते पाहायचं. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण माणसांवर वापरतात, पण ओढ्याबाबत ती अक्षरशः खरी आहे. डोहात पाणी दसपट असतं आणि आवाज नसतो, कारण हवा आत घेणारं तिथे काही नाही.

याच ठिकाणी काही शब्द चुकून ओढ्यात पडतात. ‘सळसळ’ पानांची, पाण्याची नव्हे. ‘कलकल’ हिंदीतून येतं. मराठीत कलकलाट होतो तो माणसांचा नाहीतर पाखरांचा. ‘झरझर’ ऐकायला झऱ्यासारखं वाटतं, पण आपण झरझर चालतो आणि झरझर लिहितो. त्यात घाई आहे, पाणी असेलच असं नाही. ‘घळाघळा’ डोळ्यांतून पाणी येतं आणि ‘भळाभळा’ जखमेतून रक्त. ओढ्याला हे शब्द लावले की दुखणं सोबत येतं. ते तुम्हाला हवं असेल तर गोष्ट वेगळी.

एका जागेला एकच ध्वनिशब्द द्या. पूर्ण लेखात असे चार-पाच पुरतात. प्रत्येक ओळीत जोडशब्द आला की कान बधिर होतो आणि धबधब्यापाशी पोहोचेपर्यंत तुमच्याकडे मोठा आवाज उरत नाही.

पायऱ्या: धबधबा नव्हे, उतरण

सपाटी संपली की ओढा खडकाच्या पायऱ्यांवरून खाली जातो. हातभर उंचीची एक पायरी, मग थोडी सपाटी, मग दुसरी. बेसॉल्टच्या थरांचा हा स्वभावच आहे. दख्खनच्या या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

अशा पाण्याला सुटसुटीत एकच नाव मराठी बोलण्यात मला सापडलेलं नाही, आणि सरसकट ‘धबधबा’ म्हणणं मला पटत नाही. धबधब्यात पाणी खडक सोडून हवेतून पडतं. इथे ते खडकाला धरून उतरतं, प्रत्येक पायरीवर थोडं थांबतं, काठावरून सांडतं. म्हणून नाम शोधत बसू नका, क्रियापदांनी काम करा: ‘पाणी टप्प्याटप्प्याने उतरत होतं’, ‘एका पायरीवरून दुसरीवर सांडत होतं’. उतरणं, सांडणं, घसरणं ही तिन्ही चालतात. घरंगळणं चालत नाही, ते दगडाचं. ‘प्रपात’ हा संस्कृत वळणाचा, भारदस्त शब्द आहे. पाच-सहा हातांच्या उडीला तो लावला की उडीच लहान दिसते.

पाणी खरोखर कडा सोडतं तिथे ‘कोसळणं’ आणा. शिवथर घळीच्या वर्णनात समर्थ रामदासांनी ‘धबाबा तोय आदळे’ असं म्हटलं आहे. पाणी पडतं कसं, हे ‘धबाबा’ने ऐकवलं आणि शेवटी काय होतं, हे ‘आदळे’ने. वरून सुटणारं पाणी लोटतं, मध्ये कोसळतं, तळाला आदळतं. एकाच धारेची ही तीन ठिकाणं आहेत, आणि तुम्ही कुठे उभे आहात यावर क्रियापद ठरतं. कड्याच्या माथ्यावर उभं राहून ‘आदळतं’ लिहू नका, ते तिथून दिसत नाही.

जिथे पाणी आदळतं तिथे डोह होतो, कोकणात त्याला कोंड म्हणतात. आणि भोवऱ्यात सापडलेले दगड वर्षानुवर्षं फिरून खडकात गोल खड्डे कोरतात, ते रांजणखळगे. कुकडी नदीच्या पात्रात निघोजला ते मोठे आहेत, पण तुमच्या ओढ्यातही वाटीएवढा एखादा सापडेल. त्यात हात घालून पाहा, तळाशी गोल गुळगुळीत खडा असतो.

पावसाळ्यातली दुसरी फेरी: लोंढा

उसळणं, उफाळणं, फेसाळणं, रोरावणं हे शब्द ऑक्टोबरच्या ओढ्याला लावता येत नाहीत. त्यांच्यासाठी जुलैमध्ये एकदा जावं लागतं, आणि काठापासून दूर, उंचावर उभं राहून पाहावं लागतं. उसळणाऱ्या पाण्याला खालून अडथळा असतो आणि ते वर येतं. फेसाळणाऱ्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की ते पांढरं दिसतं. ओसंडणं काठ भरल्यावरचं. दुथडी भरणं मोठ्या प्रवाहाचं: थडी म्हणजे काठ, आणि उडी मारून ओलांडता येणाऱ्या ओढ्याला हा शब्द सैल बसतो.

लोंढा म्हणजे पुराचं पहिलं तोंड. त्यात पाण्यापेक्षा पाचोळा, काटक्या आणि माती आधी दिसते. वर डोंगरात पाऊस पडला तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही तो येतो. नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पानं वाढली, वरच्या बाजूचा आवाज जड झाला, की वही बंद करायची आणि पात्रातून बाहेर यायचं. हीच तीन लक्षणं तुमच्या परिच्छेदातही याच क्रमाने आली पाहिजेत, रंग, मग काटक्या, मग आवाज. थेट गर्जनेने सुरुवात केली तर लोंढा आल्याचं कळतं, पण तो येताना दिसत नाही.

पूर गेल्यावरचे शब्द उलट दिशेने चालतात. पाणी ओसरतं, मग निवळतं. ओसरणं उंचीचं, निवळणं गाळाचं. निवळीची बी उगाळून गढूळ पाणी स्वच्छ करायची जुनी रीत आहे, तिच्या नावातही हेच आहे.

एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

समजा, पहिला खर्डा असा आहे:

‘डोंगरातून एक सुंदर झरा झुळझुळत निथळत होता. त्याचे मंजूळ पाणी कलकल करत दगडांवरून हिंदकळत होते. पुढे तो प्रपात बनून धबधब कोसळत होता आणि शेवटी संथ डोहात खळखळत विसावत होता.’

आता वहीतल्या नोंदी काढा. उगमाशी धार नाही, लाल पट्ट्यावर ओल, ओठापाशी थेंब. सपाटीवर करंगळीएवढी धार, तळाशी वाळू, काडीपाशी रेषा नाहीत. पुढे नारळाएवढे दगड. मग हातभर उंचीच्या चार पायऱ्या. खाली डोह, आवाज नाही.

नोंदींशी ताडून पाहिलं की चुका आपोआप दिसतात. धारच नाही तिथे झुळझुळ आली आहे. निथळायला भिजलेलं काही नाही. हातभर पायऱ्यांना प्रपात म्हटलं आहे, आणि मुक्या डोहाला खळखळ दिली आहे. नोंदींवरून पुन्हा लिहिलं तर:

‘लाल पट्ट्याच्या वर खडक पाझरत होता. त्याच्या ओठावरून पाणी ठिबकत होतं आणि खाली गवतात सुतळीएवढी धार होऊन दिसेनासं होत होतं. सपाटीवर ते पुन्हा वर आलं, वाळूवरून संथ, तळाचा खडान्‌खडा दाखवत. दगड लागले तशी खळखळ सुरू झाली. मग चार पायऱ्या ते टप्प्याटप्प्याने उतरलं, प्रत्येक काठावरून थोडं सांडत, आणि डोहाशी येऊन गप्प झालं.’

इथे ध्वनिशब्द एकच आहे, खळखळ. तो एकटा आहे म्हणून शेवटचं ‘गप्प’ ऐकू येतं. ‘सुंदर’ आणि ‘मंजूळ’ गेले, त्यांची जागा सुतळीने आणि वाळूने घेतली. मला अजून ‘दिसेनासं होत होतं’ थोडं लांब वाटतं. तिथे ‘मुरत होतं’ बसेल का, हे गवताखाली माती आहे की खडक यावर ठरेल, आणि त्यासाठी परत जाऊन पाहावं लागेल.

मार्चमध्ये एकदा

शेवटची फेरी उन्हाळ्याच्या तोंडाला करा. पायऱ्या कोरड्या असतात, डोहात गुडघाभर पाणी असतं, बाकी पात्रात नुसते गोटे. मी एकदा तिथल्या धनगरवाड्यातल्या मावशींना म्हटलं, “ओढा आटला की.” त्या म्हणाल्या, “आटला न्हाई, खाली गेलाय.” त्यांनी वाळूत हाताने वीतभर खड्डा केला आणि बाजूला बसून राहिल्या. थोड्या वेळाने खड्ड्याच्या कडेने पाणी आत यायला लागलं, आधी गढूळ, मग नितळ. असा पात्रात खणलेला खड्डा म्हणजे झिरा. त्यात पाणी वाहत नाही, ठिबकत नाही, पाझरूनच येतं. मावशींनी करवंटीने ते हळूहळू हंड्यात भरलं, आणि चढण चढताना हंडा हिंदकळू नये म्हणून वर पळसाची दोन पानं टाकली.